दहा खुणांत दडलेली कंपनी

नाशिकच्या बागेत द्राक्षं तयार होतात तेव्हा व्यापारी दारात येतो. कार्डावर ‘एक्स्पोर्ट प्रायव्हेट लिमिटेड’ आणि माल युरोपला जाणार असल्याची खात्री. त्याला एकच विचारावं : तुमचा आयईसी नंबर काय? परकीय व्यापार कायदा, 1992 नुसार, मोजक्या सवलती सोडल्या तर, या क्रमांकाशिवाय देशाबाहेर माल पाठवता येत नाही.

गंमत अशी की हा क्रमांक संगणकाआधीच बोलू लागतो. जीएसटी आल्यापासून, म्हणजे 2017 पासून, नव्या आयात-निर्यातदाराचा पॅन हाच त्याचा आयईसी असतो. पॅनचं चौथं अक्षर मालकाचा प्रकार सांगतं : C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी, P म्हणजे एकटा माणूस. कार्डावर प्रायव्हेट लिमिटेड आणि चौथं अक्षर P, तर तो कोड कंपनीचा नाहीच! बिलावरचा जीएसटी क्रमांकही पाहा. त्याच्या पंधरा खुणांतल्या तिसरीपासून बारावीपर्यंतच्या दहा खुणा म्हणजे पुन्हा तोच पॅन. दोन्हीकडे एकच ओळ उमटली पाहिजे. जुने आयईसी मात्र निव्वळ आकड्यांचे असतात, त्यांना ही कसोटी लागत नाही.

मग dgft.gov.in वर ‘View Any IEC’ उघडायचं, कोड आणि फर्मचं नाव भरायचं. पत्ता, कोड मिळाल्याची तारीख आणि सद्यःस्थिती समोर येते. ‘DEL’ हा रकानाही वाचा. सरकारने सवलती आणि परवाने रोखलेल्यांची ती यादी आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात प्रत्येकाला आपली माहिती, काहीही बदललं नसलं तरी, पुन्हा नोंदवावी लागते. ती न नोंदवल्यास कोड निष्क्रिय होतो. तो पुन्हा सुरू करता येतो, पण तोवर माल जात नाही.

इथे मात्र थांबून चालत नाही. कोड चालू असणं म्हणजे परवानगी असणं. माल खरोखर जातो आहे, हे त्यातून कळत नाही. पाचशे रुपये भरून कोड घेतलेला माणूस एकही पेटी न पाठवता दरवर्षी माहिती नोंदवत राहू शकतो.

खरा पुरावा म्हणजे शिपिंग बिल, निर्यातीच्या वेळी कस्टम्सकडे दाखल होणारा कागद. समजा, व्यापाऱ्याने गेल्या हंगामातलं न्हावा शेवाचं बिल दाखवलं. त्यावर बंदराचा कोड INNSA1, बिलाचा नंबर आणि तारीख असते. ही माहिती कस्टम्सच्या icegate.gov.in या संकेतस्थळावर भरली की त्या बिलाचं पुढे काय झालं ते दिसतं. ‘LEO’ची तारीख पडली असेल, तर कस्टम्सने माल बाहेर न्यायला परवानगी दिली होती. फक्त बिलावरचा आयईसी व्यापाऱ्याच्या आयईसीशी जुळवायला विसरू नका, कारण दुसऱ्याचं खरं बिलही दाखवता येतं.

एवढं जुळलं तरी तुमचे पैसे वेळेवर मिळतील, याची हमी यातला कुठलाच कागद देत नाही. म्हणून माल तोडण्याआधी सौदा लेखी करा आणि आगाऊ रक्कम घ्या.