आवाज नेमका कधी जातो?

‘मध्येच बंद पडतो’ एवढीच चिठ्ठी लावलेला स्पीकर दुरुस्तीवाल्याकडे हमखास सुरळीत वाजतो! त्यापेक्षा असं लिहा : ‘आवाज मोठा केला की डाव्या स्पीकरचा वूफर गप्प होतो, ट्वीटर वाजत राहतो. खोक्यावर टिचकी मारली की वूफर परत येतो. ॲम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली, तरी दोष त्याच खोक्यात राहिला.’

शेवटच्या वाक्याने ॲम्प्लिफायर आणि वायरी संशयातून सुटतात. ट्वीटर वाजतोय, म्हणजे खोक्यात सिग्नल पोचतोय. मग उरतो क्रॉसओव्हरवरचा सुटलेला सोल्डर, नाहीतर वूफरच्या कोनाला जाणारी, तुटत आलेली लवचीक तार. मोठ्या आवाजात कोन जास्त हलतो, म्हणून आधी तार तपासावी.