दाट झाली, पण शिजली का?

रमजानच्या दिवसांत संध्याकाळनंतर मुंबईत मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या गल्लीत गेलं की फिरनीच्या मातीच्या वाट्या ओळीने मांडलेल्या दिसतात. आपण ज्याला परळ म्हणतो तशीच ही उथळ वाटी. चमचा घातला की फिरनीत खाच पडते आणि ती तशीच राहते, आजूबाजूची फिरनी तिच्यात ओघळून येत नाही. जिभेवर मात्र ती सायीसारखी विरघळते. खीर आणि फिरनीतला फरक इथेच आहे. खिरीत तांदूळ अख्खा असतो आणि खीर वाढायची असते. फिरनीत तांदूळ दळलेला असतो आणि ती थापल्यासारखी जमवायची असते.

मी पहिल्यांदा घरी केली तेव्हा पिशवीतलं तांदळाचं पीठ घेतलं आणि उकळत्या दुधात चमच्याचमच्याने घातलं. क्षणात गुठळ्या झाल्या. त्यातली एक बोटांनी फोडली तर बाहेरून काचेसारखी चकचकीत, चिकट साल आणि आत चक्क कोरडं पांढरं पीठ! तांदळातला स्टार्च साधारण 70 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो. पिठाचा गोळा उकळत्या दुधात पडला की त्याचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकटतो, आणि मग आत दूध शिरायला वाटच राहत नाही. अशी गुठळी कितीही उकळली तरी आतलं पीठ कच्चंच राहतं.

माझ्या मैत्रिणीच्या अम्मींनी ती फिरनी चाखली. त्या रत्नागिरीकडच्या, बोलणं थेट. "अगं, पीठ कशाला घेतलंस? तांदूळ दळ. आणि दाट झाली की उतरवतेस, ते सोड," म्हणाल्या. या दोन सूचनांमध्ये फिरनीची दोन वेगवेगळी दुखणी येतात. गुठळी सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात होते. कच्चट चव मात्र शेवटी घाई केल्याने राहते. गुठळ्या काढून टाकल्या की कच्चटपणाही जाईल, असं समजून आपण फसतो.

एक लिटर म्हशीच्या दुधाला 60 ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे आमटीच्या लहान वाटीने साधारण अर्धी वाटी. बासमतीचा तुकडा उत्तम. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ घेतला तर फिरनीला तार सुटते आणि ती खळीसारखी लागते. तांदूळ धुऊन तासभर भिजवायचा, निथळायचा, पंचावर पसरून वरचं पाणी जाऊ द्यायचं आणि मिक्सर थांबवत थांबवत दळायचा. बोटांत घेतल्यावर बारीक रव्यासारखा लागला पाहिजे. पिठाइतका बारीक झाला तर फिरनी लुकणासारखी चिकट होते, आणि कण्या राहिल्या तर त्या खाताना दातांखाली येतात. भिजवल्यामुळे कणाच्या आत आधीच पाणी पोचलेलं असतं, म्हणून तो सारखा शिजतो. कोरडे तांदूळ दळून केलेल्या फिरनीत ही गोष्ट साधत नाही.

आता दळलेला तांदूळ वाटीभर गार दुधात कालवायचा. गार दुधात स्टार्च फुगत नाही, म्हणून प्रत्येक कण सुटा होऊन भिजतो. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात दहाएक मिनिटं आटवून आच अगदी मंद करायची, म्हणजे उसळी बसेल. इथे एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. कालवलेला तांदूळ मिनिटभरात खाली बसतो. तो न ढवळता ओतला तर आधी नुसतं पातळ दूध पडतं आणि शेवटी तळाचा दाट लगदा एकदम घसरून पातेल्यात जातो. म्हणून ओतायच्या क्षणी तो पुन्हा तळापासून ढवळायचा आणि एका हाताने बारीक धार धरून दुसऱ्या हाताने पातेल्यात सतत डाव फिरवायचा.

चार-पाच मिनिटांत दूध दाट होतं. तिथे मन गॅस बंद करायला सांगतं. पण दाटपणा येतो तो कणांचा बाहेरचा भाग फुगल्यामुळे. आतला गाभा अजून शिजायचा असतो. मंद आचेवर, तळ आणि कडा खरवडत, आणखी पंधरा ते वीस मिनिटं द्यावीच लागतात. शिजलं का ते ओळखायला गार स्टीलच्या ताटलीवर एक चमचाभर फिरनी टाकून निवू द्यायची. चिमूटभर पुढच्या दातांनी चावली की कच्चा कण टणक लागतो आणि जिभेवर खडूसारखी चव मागे राहते. शिजलेला कण जिभेने टाळूवर दाबला की नाहीसा होतो. गरम फिरनी चाखून हे नीट कळत नाही.

ही परीक्षा झाल्यावरच साखर घालायची, साधारण 100 ग्रॅम. साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि तांदळाला फुगायला उशीर लावते, म्हणून ती आधी घातली तर शिजणं रेंगाळतं. साखर पडली की फिरनी जराशी सैल होते. घाबरायचं नाही, पाच मिनिटांत ती जागेवर येते. मग वेलचीची पूड आणि कोमट दुधात भिजवलेलं केशर. उतरवताना ती पळीवाढीच असली पाहिजे, कारण निवताना स्टार्चचे धागे एकमेकांत गुंततात आणि ती आपोआप घट्ट होते. पातेल्यातच हवी तितकी घट्ट झाली तर वाटीत तिची वडी पडेल. अशा वेळी गरम असतानाच थोडं गरम दूध घालून सैल करता येते, जमल्यावर नाही. गुठळ्या राहून गेल्याच असतील तर गरम फिरनी चाळणीतून दाबून काढावी. पण गुठळीतलं कच्चं पीठ त्यात मोकळं होतं, म्हणून पुन्हा दहा मिनिटं आचेवर ठेवणं भाग आहे.

वाट्या बिनरंगाच्या, चकाकी न दिलेल्या घ्याव्यात आणि दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पहिल्यांदा बुडवली की वाटीतून बुडबुडे निघतात. मातीच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि तिथे पाणी जातं. कोरडी वाटी हेच पाणी फिरनीतून ओढते, मग कडेला फिरनी सुकून भेगाळते. भिजवलेली वाटी मात्र पालथी घालून पूर्ण निथळू द्यावी, नाहीतर तळाला पाण्याचा थर राहतो. माठ पाणी गार करतो तसंच इथेही होतं. बाहेरून पाणी उडत राहतं आणि फिरनी सगळ्या बाजूंनी सावकाश निवते.

फिरनी वाफ जरा ओसरल्यावर, पण वाहती असतानाच वाट्यांत ओतावी. पातेल्यात जमायला लागलेली फिरनी नंतर भरली तर तुटलेले धागे पुन्हा जुळत नाहीत आणि पृष्ठभाग फुटक्या दह्यासारखा दिसतो. भरल्यावर वाटी ओट्यावर हलकेच आपटली की वरचा थर सपाट होतो. निवल्यावर झाकून फ्रीजमध्ये चार तास. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, गोठून सुटली की तिचं पाणी वेगळं होतं. एवढ्या मापात आठ लहान वाट्या होतात. त्या दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहतात. त्यानंतर कडेला पाणी सुटू लागतं. रिकामी वाटी पुन्हा वापरू नये, कारण छिद्रांत मुरलेलं दूध धुऊन निघत नाही.