खरी पश्मिना कशी ओळखावी?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उर्दू शिकता, म्हणून 'पश्म' हा शब्द तुम्हांला नवा नाही. हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ लोकर. पश्मापासून विणलेली ती पश्मिना. शब्द इतका सोपा आहे. पण बाजारात ज्या शालीला पश्मिना म्हणतात, ती ओळखणे मात्र सोपे नाही. आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगतो.

२०१९ साली माझे मामू उत्तरेकडे सहलीला गेले होते. नानीसाठी त्यांनी तेथून एक शाल आणली. किंमत साडेतीन हजार रुपये. मामूंना थोडी शंका आली होती. पण दुकानदाराने त्यांच्यासमोरच शालीच्या झालरीतला एक धागा काढून काडीने पेटवला. जळक्या केसांसारखा वास आला, राख बोटांत चुरगळली. "बघा, अस्सल पश्मिना!" तो म्हणाला. मामूंनी पैसे मोजले. नानी शाल पांघरून बसली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता.

दुकानदाराने केलेली ती परीक्षा खोटी नव्हती. ती अपुरी होती. कशी, हे समजायला आधी लोकर कोठून येते ते पाहू.

लडाखच्या पूर्वेला चांगथांग नावाचे उंच पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची चार हजार मीटरांहून अधिक. हिवाळ्यात तेथे पारा शून्याच्या खाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो. तेथील चांगपा पशुपालक एका जातीच्या शेळ्या पाळतात. या शेळीच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. वरचे केस लांब आणि राठ. त्यांच्या खाली, अगदी कातडीलगत, अतिशय मऊ अशी बारीक लव. हीच लव म्हणजे पश्म. उन्हाळा जवळ आला की ती आपोआप सुटू लागते. तेव्हा शेळीला कातरत नाहीत. मोठ्या फणीने विंचरून लव काढून घेतात.

एका शेळीपासून वर्षाला साधारण पाव किलो कच्चा माल मिळतो. त्यात राठ केस मिसळलेले असतात. ते निवडून बाजूला काढले, की हाती उरते जेमतेम शंभर ग्रॅम. आता हिशेब करा. एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशी साधी पश्मिना शाल सुमारे दोनशे ग्रॅम वजनाची असते. म्हणजे एका शालीसाठी दोन ते तीन शेळ्यांची वर्षभराची लव लागते. पुढे काश्मीरमधल्या स्त्रिया ती चरख्यावर हाताने कातितात. धागा इतका नाजूक, की एका शालीपुरते सूत कातायला कित्येक आठवडे जातात. त्यानंतर हातमागावर विणकाम, धुलाई, रंग. इतक्या श्रमांची शाल आजच्या काळात तीन-चार हजारांत मिळणे शक्य नाही. हाताने कातलेली, हाताने विणलेली साधी शालसुद्धा बहुधा दहा हजारांच्या पुढेच असते. कशिदा असेल तर किंमत त्याहून पुष्कळ अधिक. मामूंना कोणतीही परीक्षा न करता हा हिशेब पुरेसा होता. पण सहलीला गेलेला माणूस हिशेब करीत नाही!

आता कॅशमिअर म्हणजे काय? हे काश्मीरचेच जुने इंग्रजी रूप. काश्मीरच्या शाली युरोपात पोहोचल्या आणि देशाचे नाव लोकरीला चिकटले. आज मात्र जगातील बहुतेक कॅशमिअर चीन आणि मंगोलिया येथील शेळ्यांपासून मिळते. तीही शेळीची आतली लवच असते. म्हणून प्रत्येक पश्मिना हे कॅशमिअर आहे, पण प्रत्येक कॅशमिअर पश्मिना नाही. फरक मुख्यतः बारीकपणाचा आणि हातकामाचा. कॅशमिअर बहुधा यंत्रावर काततात आणि विणतात, म्हणून ते पश्मिनेपेक्षा काहीसे स्वस्त पडते.

लँब्सवूल ही तर शेळीची लोकरच नव्हे. मेंढीचे कोकरू साधारण सहा-सात महिन्यांचे झाले, की त्याची पहिली कातरणी होते. त्या पहिल्या लोकरीला लँब्सवूल म्हणतात. मोठ्या मेंढीच्या लोकरीपेक्षा ती मऊ असते, आणि मेंढ्या पुष्कळ असल्याने ती स्वस्तही असते. चांगली लँब्सवूल शाल हजार-दोन हजारांतही मिळू शकते.

बारीकपणा मोजायला मायक्रॉन हे माप वापरतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. पश्मिनेचा तंतू बारा ते सोळा मायक्रॉन. कॅशमिअर एकोणीसपर्यंत चालते. लँब्सवूलचा तंतू वीस ते पंचवीसच्या आसपास. एवढे आकडे लक्षात ठेवा. पुढे कामाला येतील.

उबेचा संबंध या बारीकपणाशी आहे. लोकर स्वतः गरम नसते. तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा अडकून राहते आणि ती हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तंतू जितके बारीक, तितके थोड्या वजनात अधिक तंतू मावतात आणि अधिक हवा अडकते. म्हणून दोनशे ग्रॅमची पश्मिना जी ऊब देते, तीच मिळवायला लँब्सवूलची शाल जवळजवळ दुप्पट वजनाची घ्यावी लागते. पण ऊब मिळते, हे विसरू नका! उलट लँब्सवूल रोजच्या वापराला अधिक टिकते. पश्मिना घासली की तिच्यावर लवकर गोळे येतात. आपल्या महाराष्ट्रातल्या थंडीला तर चांगली लँब्सवूल शाल पुरून उरते. दुःख लँब्सवूल विकत घेण्यात नाही. पश्मिनेचे पैसे देऊन ती विकत घेण्यात आहे.

आता पुन्हा नानीच्या शालीकडे वळू. एका रविवारी मी ती नीट पाहिली. कोणत्याही विणलेल्या कापडात दोन प्रकारचे धागे असतात, उभे आणि आडवे. उर्दूत आपण त्यांना ताना-बाना म्हणतो. शालीच्या दोन्ही टोकांना जी झालर लोंबते, ती उभ्या धाग्यांची टोके असतात. दुकानदाराने झालरीतला धागा जाळला. म्हणजे त्याने फक्त ताना तपासला. बाना तसाच राहिला.

मी काठाजवळून एक आडवा धागा हळूच ओढून काढला. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून तो पेटवला. (हा प्रयोग घरातील मोठ्या माणसांसमोरच करा.) धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी तयार झाला. वास उग्र होता, केसांचा मुळीच नव्हता. बाना अॅक्रिलिकचा होता, म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिकच. धागा कागदासारखा भुरकन जळून कागदासारखाच वास आला असता, तर तो व्हिस्कोज निघाला असता. स्वस्त 'पश्मिना' शाली पुष्कळदा व्हिस्कोजच्याच असतात.

उरला ताना. तो जळाल्यावर केसांचा वास आला होता. पण वास शेळीच्या लोकरीलाही तोच, मेंढीच्या लोकरीलाही तोच, आणि रेशमालाही तसाच. कारण हे सगळे तंतू प्राण्यांपासून मिळालेली प्रथिने आहेत. जाळून शेळी आणि मेंढी यांत फरक करता येत नाही. ठगांना हे चांगले ठाऊक असते.

सोमवारी मी तो धागा शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवला. धागा सुईने पिंजून त्यातले चार-पाच तंतू थेंबात ठेवले आणि शेजारी माझ्या डोक्याचा एक केस ठेवला. वर पातळ काच ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिले. केस दोरखंडासारखा दिसत होता. त्याच्या जाडीत शालीचे तीनच तंतू मावत होते. सत्तरला तीनने भागा: तेवीस मायक्रॉन. पश्मिना असती, तर चार ते सहा तंतू मावले असते. भिंग आणखी मोठे लावल्यावर तंतूंवर कौलांसारखे खवले दिसले, जवळजवळ आणि खरबरीत. ही मेंढीची खूण. शेळीच्या लवेवर खवले दूरदूर असतात आणि तंतू अधिक गुळगुळीत दिसतो.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. मेरिनो मेंढीची उत्तम लोकर सतरा-अठरा मायक्रॉनपर्यंत बारीक असते. ती पश्मिनेत थोडी मिसळली, तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाने निश्चित काही सांगता येत नाही. आणखी एक युक्ती तर याहून चतुर आहे. पश्मिनेचे तंतू आखूड आणि नाजूक असल्याने यंत्रावर तुटतात. म्हणून त्यांत नायलॉन मिसळून सूत काततात, शाल विणतात आणि नंतर आम्लाने नायलॉन विरघळवून टाकतात. उरते ती पश्मिनाच. पण आम्लामुळे तिचा जीव गेलेला असतो, ती लवकर विरते. म्हणूनच २००८ साली 'काश्मीर पश्मिना' या नावाला भौगोलिक चिन्हाचे संरक्षण मिळाले. श्रीनगरला तपासणी केंद्र आहे. तंतू सोळा मायक्रॉनपर्यंतचा, सूत हाताने कातलेले आणि विणकाम हातमागावरचे असेल, तरच तेथे शालीवर क्रमांक असलेले लेबल लावतात. महाग शाल घ्यायची तर ते लेबल मागावे.

अंगठीतून शाल ओढून दाखवणाऱ्यांवर मात्र मुळीच विश्वास ठेवू नका. रेशीम आणि पातळ व्हिस्कोजही अंगठीतून सहज जाते. ही कीर्ती मूळची शाहतूशची. ती लोकर मिळवण्यासाठी तिबेटी हरणांना ठार मारावे लागते, म्हणून तिचा व्यापार आपल्या देशात गुन्हा आहे.

मामूंना मी सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नानींना यातले काही सांगू नकोस." मीही किंमतीविषयी काही बोललो नाही. पण अॅक्रिलिक पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते. नानी तर हिवाळ्यात रोज संध्याकाळी शेगडीजवळ बसते. म्हणून तिला एवढेच सांगितले, "नानी, ही शाल पांघरून शेगडीपाशी बसू नका. तिथे आपली जुनी घोंगडीच बरी."