अकराव्या ओळीला बिघडणारी यादी

2018 पर्यंत क्रोम ब्राउझरमध्ये एक विचित्र प्रकार घडायचा. वर्गातल्या दहा मुलांची नावाप्रमाणे लावलेली यादी घ्या आणि ती गुणांनुसार पुन्हा लावा. ज्यांना सारखे गुण आहेत ती मुलं आपापसात नावाच्या क्रमानेच राहायची. यादीत अकरावं नाव घालून तेच केलं, की सारख्या गुणांच्या मुलांचा क्रम विस्कटू शकायचा. गुणांची उतरंड बरोबरच असायची, त्यामुळे चूक अशी कुठे दिसायची नाही. चार-पाच ओळींवर चाचणी घेऊन समाधानाने झोपणाऱ्या प्रोग्रामरला याचा पत्ता लागायचा तो ग्राहकाची तक्रार आल्यावरच.

कारण साधं होतं. क्रोमच्या आत जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-8 नावाचं इंजिन दहापर्यंतच्या याद्यांसाठी एक पद्धत वापरायचं आणि त्याहून मोठ्या याद्यांसाठी दुसरी. पहिली स्टेबल होती, दुसरी नव्हती. सॉर्टिंगच्या पद्धतींची तुलना करताना बहुतेक वेळा वेगाचीच चर्चा होते. पण निवड ठरते ती वेगळ्याच तीन प्रश्नांवर. बरोबरीच्या नोंदींचा आधीचा क्रम टिकतो का? काम करायला वेगळी जागा किती लागते? आणि वाईटात वाईट यादी समोर आली तर काय होतं?

पहिला प्रश्न पाच नावांवर पाहू. नावाने लावलेली यादी अशी आहे: अनघा 78, किरण 85, निलेश 78, मंजिरी 85, सायली 78. आता जास्त गुण वर आणायचे आहेत. सिलेक्शन सॉर्ट ही सगळ्यात सरळ पद्धत: उरलेल्यांतला सर्वांत मोठा शोधायचा आणि पुढच्या जागेवरच्या नोंदीशी त्याची अदलाबदल करायची. पहिल्या फेरीत किरण वर जाते आणि अनघा तिच्या जागी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर येते. दुसऱ्या फेरीत मंजिरीला दुसरी जागा मिळते आणि अनघा एकदम चौथ्या जागी जाऊन पडते. यादी झाली किरण, मंजिरी, निलेश, अनघा, सायली. निलेश आणि अनघा या दोघांनाही 78, पण आता निलेश आधी आला. अनघाने लांब उडी मारली तेव्हा वाटेत तिच्या बरोबरीचं कोणी आहे का, हे कोणी पाहिलंच नाही. अस्थिरपणा येतो तो अशा लांब अदलाबदलींमधून. क्विकसॉर्ट आणि हीपसॉर्ट या दोन्ही पद्धती अशाच उड्यांवर चालतात, म्हणून त्या नेहमीच्या रूपात स्टेबल नसतात.

उलट इन्सर्शन सॉर्ट घ्या. हातातले पत्ते लावताना नवा पान आपण एकेक पान मागे सरकवत योग्य जागी खोचतो, तशी ती चालते. बरोबरीचं पान लागलं की तिथेच थांबायचं, म्हणून क्रम टिकतो. यादी छोटी असेल किंवा जवळजवळ लागलेलीच असेल तर हिच्यासारखी पद्धत नाही. मात्र उलट्या क्रमातली मोठी यादी तिला परवडत नाही, कारण प्रत्येक नोंद अगदी सुरुवातीपर्यंत सरकवावी लागते.

मोठ्या यादीसाठी क्रमही टिकवायचा असेल, तर जुनं आणि भरवशाचं उत्तर म्हणजे मर्ज सॉर्ट. 1945 साली जॉन फॉन नॉयमन यांनी मांडलेली ही पद्धत. यादी अर्धी-अर्धी करत जायची, तुकडे लावायचे आणि दोन लागलेल्या तुकड्यांच्या तोंडाशी असलेल्या नोंदी तपासत त्यांना एकत्र गुंफायचं. दहा लाख नोंदींना साधारण दोन कोटी तुलना लागतात, आणि यादी कितीही वाकडी असली तरी हा आकडा त्यापुढे जात नाही. चढता क्रम लावणाऱ्या प्रोग्राममध्ये स्थैर्य टिकतं ते एका बारीक अटीवर:

```
if (left <= right) take(left);
else               take(right);
```

बरोबरी झाली तर डाव्या तुकड्यातली नोंद आधी उचलायची. इथे `<=` ऐवजी नुसतं `<` लिहिलं तर उत्तर तरीही क्रमानेच येतं, फक्त बरोबरीच्या नोंदी उलटसुलट होतात. एका चिन्हाने इतका फरक पडतो, आणि आकड्यांवरच्या साध्या चाचणीत तो सापडत नाही.

मर्ज सॉर्टची किंमत जागेत मोजावी लागते. गुंफलेली यादी ठेवायला मूळ यादीएवढीच दुसरी जागा हवी. दहा लाख नोंदींचे नुसते पत्ते हलवायचे असतील, प्रत्येकी 8 बाइट्स, तर हा खर्च 8 एमबी. आजच्या फोनलाही तो जाणवणार नाही. पण प्रत्येकी एक केबीच्या अख्ख्या नोंदीच हलवायच्या असतील तर एक जीबी जास्तीची मेमरी काढून ठेवावी लागेल. डेटा साखळीसारख्या लिंक्ड लिस्टमध्ये असेल तर मात्र हा प्रश्नच उरत नाही. तिथे नोंदी जागच्या जागी राहतात, फक्त दुवे बदलतात. म्हणून लिंक्ड लिस्टसाठी मर्ज सॉर्ट डोळे मिटून निवडावी.

जागा वाचवायची म्हटलं की क्विकसॉर्ट येते. टोनी होअर मॉस्को विद्यापीठात शिकत असताना रशियन वाक्यांच्या यांत्रिक भाषांतराच्या कामात पडले होते. शब्दकोश चुंबकीय टेपवर वर्णानुक्रमाने असायचा, म्हणून वाक्यातले शब्द आधी क्रमाने लावणं भाग होतं. त्यातून सुचलेली ही पद्धत 1961 मध्ये छापून आली. एक नोंद मधली म्हणून निवडायची, तिला पिव्होट म्हणतात. लहान नोंदी तिच्या एका बाजूला, मोठ्या दुसऱ्या बाजूला करायच्या, आणि प्रत्येक बाजूवर पुन्हा तेच. सगळं मूळ जागेतच होतं. दहा लाख नोंदींना सरासरी पावणेतीन कोटींच्या आसपास तुलना लागतात. त्या मर्ज सॉर्टपेक्षा जास्त आहेत, तरी प्रत्यक्षात क्विकसॉर्ट बहुधा पुढे राहते, कारण ती शेजारशेजारच्या नोंदी सलग वाचत जाते आणि प्रोसेसरला असं वाचन सोयीचं पडतं.

आता वाईटात वाईट यादी. समजा पिव्होट म्हणून नेहमी पहिलीच नोंद घेतली आणि यादी आधीच क्रमाने लागलेली आहे. मग प्रत्येक वेळी एक बाजू रिकामी राहते आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सगळी यादी. दहा लाख नोंदींना सुमारे पन्नास हजार कोटी तुलना. सेकंदाला दहा कोटी तुलना होतात असं धरलं तर नेहमीचं अर्ध्या सेकंदातलं काम दीड तासाच्या घरात जातं. आणि आधीच लागलेली यादी ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. रोजच्या कामात तीच तर जास्त येते.

अनुभवी लोकांच्या प्रोग्राममध्येही हे घडलेलं आहे. 1991 च्या उन्हाळ्यात बेल लॅब्जमधल्या दोघा सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की युनिक्समधल्या `qsort` ला जे काम काही मिनिटांत व्हायला हवं होतं ते तासन्‌तास चाललंय. त्यांच्या आकड्यांची रचना आधी चढत जाणारी आणि मग तशीच उतरत येणारी होती. जॉन बेन्टली आणि डग मॅकिलरॉय यांनी मग `qsort` नव्याने लिहिली आणि 1993 मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. पुढे 1999 मध्ये मॅकिलरॉय यांनीच दाखवून दिलं, की क्विकसॉर्ट कोणत्या नोंदींची तुलना करते हे बघत बघत तिला नेमकी घातक ठरेल अशी यादी तयार करता येते. म्हणजे वाईट यादी नशिबानेच समोर येते असं नाही; ती मुद्दाम पाठवताही येते.

असा बिघाड ओळखायची सोपी खूण आहे. यादी दुप्पट करून वेळ मोजा. वेळ दुपटीहून थोडा जास्त वाढला तर सगळं ठीक आहे. चौपट झाला तर पद्धत आपल्या वाईट बाजूवर घसरली आहे.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ॲरे लावायला हीपसॉर्ट वापरतात ती याच भीतीने. 1964 मध्ये जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी दिलेल्या या पद्धतीत नोंदी अशा मांडतात की प्रत्येक नोंद तिच्या खालच्या दोन नोंदींपेक्षा लहान नसते. सर्वांत मोठी आपोआप शेंड्यावर येते, ती शेवटी नेऊन ठेवायची आणि मांडणी दुरुस्त करायची. दहा लाखांच्या यादीत ही दुरुस्ती फार तर वीस पायऱ्या उतरते. वेगळी जागा लागत नाही आणि यादी कशीही असली तरी मर्यादा सुटत नाही. स्थैर्य मात्र मिळत नाही, आणि मेमरीत लांब लांब उड्या माराव्या लागत असल्याने रोजच्या डेटावर ती क्विकसॉर्टच्या मागे पडते. कर्नेलला हे चालतं. तिथे जागेची चणचण असते, आणि कोणी मुद्दाम घातक यादी पुरवून अख्खी यंत्रणा अडवू नये हे सरासरी वेगापेक्षा महत्त्वाचं असतं.

शुद्ध स्वरूपातल्या पद्धती तयार लायब्ररींमध्ये आता कमीच दिसतात. डेव्हिड मसर यांनी 1997 मध्ये मांडलेली इन्ट्रोसॉर्ट सुरुवात क्विकसॉर्टने करते, पण तुकड्यांचे तुकडे ठरावीक खोलीपलीकडे गेले (दहा लाखांसाठी चाळिसाच्या आसपास) की तो तुकडा हीपसॉर्टकडे सोपवते, आणि अगदी छोटे तुकडे इन्सर्शन सॉर्टवर सोडते. सी++ च्या `std::sort` मागे बहुधा हीच असते. 2002 मध्ये टिम पीटर्स यांनी पायथनसाठी लिहिलेली टिमसॉर्ट दुसऱ्या टोकाची. ती यादीत आधीच क्रमाने लागलेले पट्टे शोधते आणि ते मर्ज सॉर्टसारखे गुंफते. ती स्टेबल आहे, जास्तीची जागा फार तर निम्म्या यादीएवढी लागते, आणि पूर्ण लागलेली यादी असेल तर एकाच फेरीत काम संपतं. व्ही-8 ने 2018 मध्ये टिमसॉर्टच घेतली, आणि पुढच्या वर्षी जावास्क्रिप्टच्या मानकातच स्थैर्याची अट आली.

मला सगळ्यात मार्मिक वाटते ती जावाची निवड. एकाच `sort` या नावाखाली तिथे दोन वेगळ्या पद्धती आहेत. वस्तूंची, म्हणजे मुलं, बिलं, नोंदी यांची यादी असेल तर टिमसॉर्ट. नुसते आकडे असतील तर दोन पिव्होटांची क्विकसॉर्ट. आकड्यांच्या यादीतले दोन 78 एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, मग कोणता आधी आला याला अर्थच उरत नाही. तिथे स्थैर्यासाठी मेमरी खर्च करायची कशाला? पण त्या 78 ला अनघाचं नाव चिकटलं, की हिशेब बदलतो.

आपली लायब्ररी स्थैर्याची हमी देत नसेल तरी अडत नाही. प्रत्येक नोंदीला तिचा मूळ क्रमांक जोडावा आणि गुण सारखे असतील तर तो क्रमांक पाहावा, असं तुलनेच्या सूत्रातच लिहिलं की कोणतीही पद्धत स्टेबल असल्यासारखी वागते. नोंदीमागे एका आकड्याएवढी जागा जाते. आणि हमी खरी आहे का हे तपासायचं असेल तर हाच क्रमांक कामी येतो: फक्त तीन-चार वेगवेगळे गुण असलेली काही हजार नोंदींची यादी लावा, आणि प्रत्येक गुणाच्या गटात मूळ क्रमांक चढतेच आहेत का ते पाहा. दहा ओळींवर ही तपासणी करण्यात अर्थ नाही.