लॅपटॉपला दिसते, प्लेस्टेशनला का नाही?

हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली की लगेच उघडते. तीच प्लेस्टेशनला जोडली की पडद्यावर काही येत नाही, किंवा हे उपकरण वापरता येणार नाही असा निरोप येतो. घरात लगेच निदान होतं: डिस्क गेली, नाहीतर प्लेस्टेशनचं पोर्ट गेलं. बऱ्याचदा दोन्ही धडधाकट असतात. लॅपटॉप पडेल ते काम चालवून घेतो. प्लेस्टेशनच्या मात्र अटी असतात, आणि त्यातली एखादी पुरी झाली नाही की ते सरळ नकार देतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांना बाहेरची डिस्क दोन वेगळ्या कामांसाठी जोडता येते. एक काम साधं, पेनड्राइव्हसारखं: फोटो-व्हिडिओ बघणं किंवा बॅकअप घेणं. दुसरं काम गेम ठेवण्याचं. या दुसऱ्या कामासाठी डिस्क २५० जीबी ते ८ टीबी यांच्या दरम्यानची हवी, यूएसबी ३ च्या वेगाने जोडलेली हवी आणि मध्ये हब नको, थेट पोर्टात हवी. वेगाची अट उगाच नाही. गेम डिस्कवरूनच चालवायचा असतो, तेव्हा दृश्यं वेळेत मिळाली नाहीत तर खेळ अडखळतो. प्लेस्टेशन ५ चे गेम तर अशा यूएसबी डिस्कवरून चालतच नाहीत, नुसते ठेवता येतात. प्लेस्टेशन ४ चे मात्र तिच्यावरून खेळता येतात.

माझ्या भाच्याकडची घटना सांगतो, कारण तिच्यात केबल, पोर्ट आणि फॉरमॅट अशा तिन्ही अडचणी ओळीने आल्या. १ टीबीची, खिशात मावणारी डिस्क. तिच्यात घरच्या सहलींचे दीडेकशे जीबी फोटो आणि व्हिडिओ. मूळ केबल हरवलेली, म्हणून जुन्या मोबाइलच्या चार्जरची केबल लावलेली. लॅपटॉपवर फोटो दिसत होते, प्लेस्टेशन ५ मात्र ती घेईना.

अशा डिस्कच्या खाचेकडे नीट बघितलं तर ती दोन भागांची दिसते: एक मोठा आणि त्याला चिकटून एक छोटा. मोठा भाग म्हणजे जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी खाचच. यूएसबी ३ ला लागणाऱ्या जादा तारा छोट्या भागात असतात. मोबाइलची केबल मोठ्या भागात चपखल बसते, दिवा लागतो, डिस्क फिरते, फाइल उघडतात. पण जोडणी यूएसबी २ ची होते. मूळ केबल सैल होऊन पिन अर्धवट टेकली तरी हाच प्रकार. आणि काही स्वस्त केबलींत फक्त वीज नेणाऱ्याच तारा असतात. त्या लावल्या तर दिवा लागतो, पण लॅपटॉपलाही डिस्क दिसत नाही.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टात डिस्क लावून एक मोठी व्हिडिओ फाइल डिस्कवरून लॅपटॉपवर उतरवा आणि वेग बघा. सेकंदाला ३०-४० एमबीवर गाडी अडकली, तर केबल यूएसबी २ ची समजा. चांगल्या केबलवर साधी फिरती डिस्कही १०० च्या आसपास जाते. फाइल मोठी एकच घ्या. शेकडो छोटे फोटो उतरवताना वेग कुठल्याही केबलवर पडतो.

भाच्याने योग्य केबल आणली आणि प्लेस्टेशनच्या पुढच्या चौकोनी पोर्टात लावली. पुन्हा नकार. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलवर पुढचं ते पोर्ट यूएसबी २ चंच आहे. ते कंट्रोलर चार्ज करायला ठीक. वेगवान पोर्टं मागे आहेत. मागे लावताच डिस्क Settings > Storage मध्ये USB Extended Storage खाली आली, आणि प्लेस्टेशनने ती फॉरमॅट करू का असं विचारलं.

इथे थांबायला हवं. तोवर डिस्कवरचा एकही फोटो गेलेला नव्हता. Format as USB Extended Storage निवडलं की सगळं पुसलं जातं. म्हणून डिस्क परत लॅपटॉपला लावून आधी सगळं उतरवून घेतलं, दोन-चार फोल्डर उघडून खात्री केली, मग फॉरमॅट केलं. ते काही मिनिटांत आटोपलं.

फॉरमॅटचा दुसरा गोंधळ नुसते व्हिडिओ बघायचे असतात तेव्हा होतो. विंडोजवर वापरलेली डिस्क बहुतेक NTFS पद्धतीची असते, आणि प्लेस्टेशन ती वाचत नाही. त्याला exFAT किंवा FAT32 लागतं. FAT32 मध्ये ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, म्हणून व्हिडिओंसाठी exFAT घ्यावं. लॅपटॉपवर डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून Format मध्ये ते मिळतं. पद्धत बदलली तरी आतला मजकूर पुसला जातोच.

विजेची तऱ्हा वेगळी. ती डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळते. छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती पोर्टातूनच वीज घेते. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना सर्वांत जास्त वीज ओढते, आणि लांब किंवा बारीक तारांच्या केबलीत त्यातली थोडी वाटेतच जाते. मग दिवा लागतो, तबकडी फिरू लागते, टक्‌ असा आवाज येऊन थांबते, पुन्हा फिरू लागते. असं ऐकू आलं तर आखूड, चांगली केबल आणि मागचं पोर्ट वापरून बघा. तरीही, आणि लॅपटॉपवरसुद्धा, टक्‌टक्‌ चालूच राहिली तर मात्र डिस्कच बिघडत चालली आहे. ती पुन्हा पुन्हा लावून बघू नका. तीत मोलाचं काही असेल तर डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्या.

मोठ्या, टेबलावर ठेवायच्या डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. तो हरवला की आपल्याकडे हमखास सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावतात, कारण पिन बसते. तो १२ व्होल्टचा असला तरी त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. डिस्कला दीड-दोन अँपिअर हवे असतील आणि अडॅप्टर एकाचा असेल, तर ती फिरायलाच उठत नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर तर चुकूनही लावू नये, आतलं सर्किट जळू शकतं.

गेम चालू असताना वीज गेली, किंवा घाईत केबल ओढली, की पुढच्या वेळी प्लेस्टेशन डिस्क तपासायला घेतं. ते काम पुरं होऊ द्यावं. केबल काढण्याआधी सेटिंगमधून डिस्क सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय निवडावा.

आणि गेमसाठी फॉरमॅट केलेली डिस्क पुढे कधी लॅपटॉपला लावलीत, तर आता उलटा प्रकार होईल. विंडोजला ती वाचता येणार नाही आणि तेच फॉरमॅट करू का म्हणून विचारेल. गेम हवे असतील तर Cancel दाबा.