उझबेक प्रत्ययांची साखळी

तुर्कवंशीय भाषांचे कोणतेही व्याकरण उघडले की आरंभीच्याच प्रकरणांत स्वरसंवाद नावाचा एक नियम समोर उभा राहतो. शब्दाच्या मूळ अंगात जिभेच्या अग्रभागाने उच्चारला जाणारा स्वर असेल तर त्यामागून येणाऱ्या साऱ्या प्रत्ययांनी अग्रस्वरच धारण करावा, आणि मुळात पश्चस्वर असेल तर प्रत्ययांनीही मागेच राहावे, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. इस्तंबूलच्या तुर्कीत म्हणूनच घर ह्या अर्थाच्या 'एव्' शब्दाचे अनेकवचन 'एव्लेर' होते, तर किताब शब्दाचे 'किताप्लार' होते. प्रत्यय एकच, पण त्याला दोन मुखवटे. हा नियम कंठस्थ करून जो मनुष्य उझबेकिस्तानच्या प्रमाणभाषेत इंग्रजी मजकुराचा तर्जुमा करू लागतो, त्याला पहिलाच धक्का बसतो तो ह्या गोष्टीचा की येथे घराचे 'उयलार' होते, पुस्तकाचे 'कितॉबलार' होते, आणि 'लार' प्रत्यय कोणाचीही मर्जी न सांभाळता जसाच्या तसा उभा राहतो.

ह्याचे कारण इतिहासात आहे. समरकंद, बुखारा, ताश्कंद ह्या नगरांतील उझबेक बोली शतकानुशतके ताजिक म्हणजे मध्य आशियातील फारसीच्या सहवासात वाढल्या, घराघरांत दोन्ही भाषा बोलल्या गेल्या, आणि फारसीला स्वरसंवाद ठाऊक नसल्यामुळे शहरी उझबेकचा स्वरसंवादही हळूहळू झिजून गेला. खोरेझमकडच्या ओग़ूझ बोलींत आणि क़िपचाक़ वळणाच्या ग्रामीण बोलींत तो अद्याप ऐकू येतो. 1929 साली उझबेकसाठी जी रोमन वर्णमाला मुक्रर झाली तिच्यात ह्याच बोलींना अनुसरून नऊ स्वर ठेवले होते आणि प्रत्ययांची दुहेरी रूपे लिहिण्याची सक्ती होती. परंतु जो भेद शहरातल्या मुलाच्या कानाला ऐकूच येत नाही तो त्याने पाटीवर लिहावा कसा, ह्या अडचणीने ती व्यवस्था टिकली नाही, आणि 1934 साली स्वर सहावर आणून स्वरसंवाद लेखनातून काढून टाकण्यात आला. 1940 साली रशियन लिपी आली, 1993 साली पुन्हा रोमन लिपीचा कायदा झाला, पण सोडलेला स्वरसंवाद कोणी परत आणला नाही.

तेव्हा अनुवादकाची खरी परीक्षा स्वरांत नसून दोन अन्य ठिकाणी आहे: साखळीतील कड्यांच्या क्रमात, आणि त्या कड्या जेथे जोडल्या जातात तेथील व्यंजनांत. एक साधे इंग्रजी वाक्य घेऊ: 'आय नो दॅट दे डिड नॉट गो टु द व्हिलेज.' इंग्रजीत येथे दहा सुटे शब्द आहेत आणि 'दॅट'ने दोन उपवाक्ये सांधली आहेत. उझबेकमध्ये ह्याचे उत्तम रूप असे: 'उलार्निङ् क़िशलॉक़क़ा बॉर्मागानलिकलारिनि बिलामान.' मधल्या लांबलचक शब्दाने भिण्याचे कारण नाही, तो उकलून पाहावा. 'बॉर' म्हणजे जाणे. त्याला 'मा' लागून नकार झाला. 'गान' लागून क्रिया घडून गेलेली अशी विशेषणरूप झाली. 'लिक' लागून त्या विशेषणाचे भाववाचक नाम झाले. 'लार' हे अनेकत्व. 'इ' म्हणजे 'त्यांचे', आणि अखेरचा 'नि' ही द्वितीया, कारण हे सारे 'बिलामान' म्हणजे 'मी जाणतो' ह्या क्रियापदाचे कर्म आहे. 'उलार्निङ्' ही 'ते'ची षष्ठी असून शब्दाच्या पोटातला 'इ' तिच्याकडेच बोट दाखवतो. मराठी वाचकाला हे परके वाटू नये; 'ते गावाला न गेल्याचे मला ठाऊक आहे' असे आपण म्हणतोच, आणि त्या 'गेल्याचे'मध्ये भूतकालवाचक रूप, सामान्यरूप आणि षष्ठी अशीच दाटीने बसलेली असतात.

आता धातू बदलून 'येणे' घ्या. 'केल' ह्या धातूत अग्रस्वर आहे. पण साखळी 'केल्मागानलिकलारिनि' अशीच राहते, 'मा'चा 'मे' होत नाही की 'लार'चा 'लेर' होत नाही. ह्याच ठिकाणी तुर्कीने 'गित्मे' म्हणजे 'जाऊ नकोस' आणि 'अल्मा' म्हणजे 'घेऊ नकोस' असे दोन स्वर वापरले असते. तुर्की शिकून आलेल्या अनुवादकाच्या मसुद्यात 'उयलेर' किंवा 'केल्मेगेन' दिसले की समजावे, हात जुन्या सवयीने चालला आहे.

व्यंजनांकडे मात्र डोळेझाक चालत नाही. वरच्या वाक्यात कर्ता एकवचनी केला, म्हणजे 'तो गावाला गेला नाही हे मला ठाऊक आहे' असे म्हटले, तर 'लार' गळतो आणि शब्द 'बॉर्मागानलिगिनि' होतो. 'लिक'मधला क स्वरापूर्वी येताच ग झाला. मधे 'लार' असताना क सुरक्षित होता, तो हटताच मऊ पडला, हे लक्षात न आल्याने पुष्कळ नवशिके 'लिकिनि' लिहितात. तोच न्याय गावाला: 'क़िशलॉक़' म्हणजे गाव, पण 'त्याचे गाव' म्हणताना 'क़िशलॉग़ि'. चतुर्थीचा 'गा' प्रत्यय मात्र उलट्या दिशेने वाकतो. क़-ने संपणाऱ्या शब्दापुढे तो 'क़ा' होतो, म्हणून 'क़िशलॉक़क़ा'. आणि ह्या शिस्तीलाही अपवाद आहेत: अरबीतून आलेला 'हुक़ूक़' हा शब्द, ज्याचे एकवचन 'हक्क' आपल्याही दप्तरात आहे, स्वरापुढेही क़ सोडत नाही, आणि 'त्याचा हक्क' हा 'हुक़ूक़ि'च राहतो.

इंग्रजीतील 'दॅट'च्या छायेखाली राहण्याची एक पळवाटही भाषेने ठेवली आहे. 'बिलामानकि, उलार क़िशलॉक़क़ा बॉर्मागान' असे म्हणता येते. त्यातील 'कि' आणि आपला 'की' हे दोन्ही फारसीशी नाते सांगतात. हे अशुद्ध नाही, संभाषणात बरेही लागते. पण पानभर मजकूर ह्याच घडणीचा झाला की उझबेक वाचकाला इंग्रजीचा सांगाडा आतून टोचू लागतो. माझ्या मते जेथे अधीन वाक्य आटोपशीर आहे तेथे साखळीच घालावी, आणि फार लांबले तरच 'कि'चा आश्रय घ्यावा.

इंग्रजीची सुटी शब्दयोगी अव्यये साखळीत गेल्यावर कशी वागतात ह्याचा सुंदर नमुना 'गावातल्यांना' हा आहे. 'टु दोज इन अवर व्हिलेज' ह्याचे उझबेक 'क़िशलॉग़िमिझ्दागिलार्गा' होते: गाव, आमचे, त, ला, अनेकत्व, ना. 'दा' म्हणजे 'त' आणि 'गि' म्हणजे 'ला', हा आपल्या 'गावातला'शी इतका तंतोतंत जुळणारा जोड आहे की मराठी मनुष्याने इंग्रजीचे बोट सोडून सरळ मराठीतूनच तर्जुमा करावा.

क्रमाचा सर्वांत सूक्ष्म प्रसंग आदराच्या बाबतीत येतो. सामान्य नियम असा की अनेकवचन आधी आणि स्वामित्व मागून: 'ऑपा' म्हणजे थोरली बहीण, 'ऑपालारिम' म्हणजे माझ्या थोरल्या बहिणी. पण ताश्कंदच्या घरांत 'ऑपामलार' असेही ऐकू येते. कडी उलटली आहे, स्वामित्व आधी आणि 'लार' मागे, आणि अर्थ होतो 'माझी थोरली बहीण', बोलणारा तिचा मान राखतो आहे इतकेच. आईसाठी 'ऑनामलार', आणि क्रियापदही अनेकवचनी: 'ऑनामलार केल्दिलार'. आपण 'आजोबा आले' म्हणतो तोच हा थाट. इंग्रजी मूळ 'माय मदर केम' एवढेच सांगते. वक्ता ताश्कंदचा आहे की नाही, आणि तो आईचा मान अशा रूपात बोलून दाखवील की नाही, हे अनुवादकाने प्रसंगावरून ठरवायचे असते. ग्रांथिक वर्णनात साधे 'ऑनाम केल्दि' पुरते. संवादात, विशेषतः धाकट्याच्या तोंडी, तेच रूप रुक्ष वाटते.