जॉइनचा हिशेब मेमरीवर ठरतो

डेटाबेसच्या पेपरातले नेहमीचे उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांचे टेबल 100 ब्लॉकचे, प्रवेशनोंदींचे 400 ब्लॉकचे. दोन्ही जोडताना डिस्कवरून किती ब्लॉकांची ने-आण होईल?

ब्लॉक नेस्टेड लूपमध्ये बाहेरच्या टेबलाच्या प्रत्येक ब्लॉकसाठी आतले टेबल पूर्ण वाचतात: `100 + 100 × 400 = 40,100`. बरेच जण इथेच थांबून हॅश जॉइनला विजयी ठरवतात. त्याचा खर्च `3 × (100 + 400) = 1,500`, कारण विभागणीत दोन्ही टेबले एकदा वाचून लिहिली जातात आणि जोडताना पुन्हा वाचली जातात.

पण मेमरीत 25 ब्लॉक मावत असतील तर? दोन राखून बाहेरच्या टेबलाचे 23 ब्लॉक एकदम आणता येतात. मग फेऱ्या पाचच, खर्च `100 + 5 × 400 = 2,100`.

सॉर्ट-मर्जला दोन्ही टेबले आधी लावण्यासाठी 2,000 आणि मर्जसाठी 500 लागतात, म्हणजे तो चक्क मागे पडतो. टेबले आधीच क्रमाने असली, तर मात्र 500 मध्येच काम होते.

हॅशलाही अट आहे: लहान टेबलाचा प्रत्येक भाग मेमरीत मावायला हवा. एकाच कीच्या नोंदी फार असल्या की तो भाग फुगतो.